कळंबोलीचा पोलाद बाजार आणि आयातीवरील दोन शुल्के

नवी मुंबईची उभारणी करताना सिडकोने मुंबईच्या दाटीतला लोखंड-पोलादाचा घाऊक व्यापार कळंबोली येथे आणला. पनवेलच्या वाटेवरील या बाजारात आज पत्र्याच्या गुंडाळ्या, प्लेटा, नळ्या आणि सळया यांची गोदामे दूरवर पसरलेली दिसतात. शेजारी तळोजा औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांना लागणारा कच्चा माल बव्हंशी याच गोदामांतून जातो. हा माल काही देशी कारखान्यांचा असतो, काही परदेशी. परदेशी गुंडाळ्या बहुधा सुट्या मालाच्या जहाजांतून मुंबई बंदरात उतरतात, तर कंटेनरमधून येणारा माल न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून येतो.

येथील आयातदार सकाळी प्रथम कोणती बातमी पाहतो, असे विचारले तर उत्तर सोपे नाही. चीनमधील भाव, डॉलरचा दर आणि जहाजभाडे हे तर झालेच. परंतु गेल्या दहा वर्षांत त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे दिल्लीच्या राजपत्रातील अधिसूचना. ज्या मालाचा सौदा दोन महिन्यांपूर्वी फायद्याचा होता, तोच माल बंदरावर येईतो तोट्याचा ठरू शकतो, आणि त्याचे कारण पुष्कळदा डंपिंगविरोधी शुल्क किंवा संरक्षक शुल्क हे असते. संरक्षक शुल्काला व्यापारी सेफगार्ड ड्युटी म्हणतात. बोलण्यात ही दोन्ही एकाच दमात येत असली तरी त्यांचा स्वभाव वेगळा आहे, आणि त्यामुळे आयातदाराच्या निवडीवर होणारा त्यांचा परिणामही वेगळा आहे.

दोन शुल्के, दोन कारणे

एखादा परदेशी कारखाना स्वतःच्या देशात ज्या भावाने माल विकतो त्याहून कमी भावाने तोच माल भारतात विकू लागला, तर त्यास डंपिंग म्हणतात. त्यामुळे देशी उद्योगाला इजा पोचल्याचे सिद्ध झाले, तर १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमाच्या कलम ९अ खाली डंपिंगविरोधी शुल्क बसविता येते. येथे आरोप भावासंबंधीचा असतो आणि तो ठराविक देशावर, किंबहुना ठराविक कारखान्यावर असतो. म्हणून शुल्कही देशवार आणि उत्पादकवार ठरते. ते साधारणतः पाच वर्षे चालते व फेरतपासणीनंतर पुढे वाढविता येते.

संरक्षक शुल्काचे कारण निराळे आहे. त्यात कोणावरही लबाडीचा आरोप नसतो. आयात एकाएकी इतकी वाढली की देशी उद्योगाला गंभीर इजा झाली किंवा होण्याचा धोका निर्माण झाला, एवढे दाखविणे पुरेसे असते. मग त्याच अधिनियमाच्या कलम ८ब खाली, देशी उद्योगाला सावरण्यास अवधी मिळावा म्हणून, हे शुल्क सर्वच देशांच्या मालावर बसते. ज्यांचा आयातीतील वाटा अल्प आहे अशा विकसनशील देशांना तेवढे वगळले जाते. ते टप्प्याटप्प्याने उतरत जावे लागते. दोन्ही प्रकारची चौकशी २०१८ पासून वाणिज्य मंत्रालयाचे व्यापार उपाययोजना महासंचालनालय करते. मात्र महासंचालनालय केवळ शिफारस करते. शुल्क लावायचे की नाही हे अर्थ मंत्रालय ठरविते, आणि शिफारस झाली म्हणजे शुल्क बसलेच असे धरून चालणे चुकीचे आहे.

टक्केवारीचे शुल्क : क्रम तोच, स्पर्धक निराळा

पोलादाच्या चपट्या मालावरील संरक्षक शुल्काची चौकशी १९ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाली. १८ मार्च २०२५ रोजी प्राथमिक निष्कर्ष आले आणि २१ एप्रिल २०२५ पासून १२ टक्क्यांचे हंगामी शुल्क २०० दिवसांसाठी लागू झाले. त्यानंतर डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ते तीन वर्षांसाठी कायम करण्यात आले. त्यानुसार पहिल्या वर्षी १२, दुसऱ्या वर्षी साडेअकरा आणि तिसऱ्या वर्षी ११ टक्के असा दर आहे. चीन आणि व्हिएतनाम यांना विकसनशील देशांची सूट मिळालेली नाही.

याचा अर्थ कळंबोलीच्या एखाद्या आयातदाराच्या वहीत काय होतो ते एका उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, त्याला हॉट रोल्ड पोलादाच्या १,००० टन गुंडाळ्या हव्या आहेत. चीनचा भाव, जहाजभाडे व विमा धरून, टनास ४७५ डॉलर आहे. दक्षिण कोरियाचा भाव ५१५ डॉलर आहे. वरवर पाहता चीनचा माल ४० डॉलरांनी स्वस्त आहे. परंतु चिनी मालावर साडेसात टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण सव्वाआठ टक्के पडतात. कोरियाशी २०१० पासून अमलात असलेल्या आर्थिक भागीदारी करारामुळे तेथील माल शून्य शुल्काने येतो असे धरू. तेव्हा चिनी माल ५१४ डॉलर १९ सेंटना पडला आणि कोरियन ५१५ डॉलरना. चाळीस डॉलरांचा फरक एका डॉलराच्याही आत आला.

आता दोन्हींवर १२ टक्के संरक्षक शुल्क लावू. ते मालाच्या करपात्र मूल्यावर लागते. मूळ शुल्कासह झालेल्या बेरजेवर नव्हे. चिनी मालावर ५७ डॉलर पडतात व एकूण किंमत ५७१ डॉलर १९ सेंट होते. कोरियन मालावर ६१ डॉलर ८० सेंट पडतात व किंमत ५७६ डॉलर ८० सेंट होते. येथे एक गोष्ट ध्यानात येते. शुल्काने दोन परदेशी पुरवठादारांचा क्रम बदललेला नाही. महाग माल विकणाऱ्यावर किंचित अधिक भार पडला, इतकेच. बदलले आहे ते निराळेच. पूर्वी देशी कारखान्याचा भाव ५७५ डॉलरांच्या बरोबरीचा असता, तर आयातदाराला टनामागे ६० डॉलर वाचत होते. त्या ६० डॉलरांसाठी तो दोन-अडीच महिने थांबण्यास, बँकेत पतपत्र उघडण्यास आणि डॉलरच्या चढउताराचा धोका पत्करण्यास तयार होता. आता वाचतात चार डॉलर, आणि चार डॉलरांसाठी हा उपद्व्याप कोणी करीत नाही. संरक्षक शुल्क आयातदाराला एका देशाकडून दुसऱ्या देशाकडे फारसे वळवीत नाही. ते त्याला बंदराकडून देशी कारखान्याच्या वितरकाकडे वळविते.

या अधिसूचनेत आणखी एक कलम आहे व त्याचा परिणाम चमत्कारिक होतो. एप्रिल २०२५ च्या अधिसूचनेनुसार हॉट रोल्ड गुंडाळ्या, पत्रे आणि प्लेटा टनास ६७५ डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीने आल्या तर त्यांवर संरक्षक शुल्क लागत नाही. कोल्ड रोल्ड मालासाठी ही मर्यादा ८२४ डॉलर ठेवण्यात आली. स्वस्त मालालाच अटकाव करावा आणि विशेष दर्जाच्या महाग मालाची आयात अडू नये, हा हेतू योग्य आहे. परंतु मर्यादेच्या आसपास काय घडते ते पाहा. कोरियातून ६५० डॉलरना येणाऱ्या मालावर ७८ डॉलर शुल्क बसून तो ७२८ डॉलरना पडतो. तेथूनच ६८० डॉलरना येणारा त्याहून चांगल्या दर्जाचा माल मात्र ६८० डॉलरनाच पडतो. सुमारे ६०३ ते ६७५ डॉलर या पट्ट्यात खरेदी करणे म्हणजे महाग मालापेक्षाही अधिक पैसे देऊन कमी दर्जाचा माल घेणे होय. म्हणून ज्यांची गरज खरोखर उच्च दर्जाची आहे ते आयातदार एक पायरी वर सरकतात. काहींना बीजकावर ६७६ डॉलर लिहून घेण्याचा मोहही होतो. त्यात फरकाची रक्कम मागील दाराने परत घ्यावी लागते, आणि सीमाशुल्क अधिकारी त्याच आठवड्यात आलेल्या तत्सम मालाचे भाव पडताळून पाहतात. भाव अचानक मर्यादेच्या वर एक-दोन डॉलरवर येऊन स्थिरावले, की चौकशीस तेवढे निमित्त पुरते.

आधारकिमतीचे शुल्क : सवलत कोणाच्या खिशात?

२०१६ चा अनुभव याहून वेगळा होता. त्याआधी सप्टेंबर २०१५ मध्ये ६०० मिलिमीटर व त्याहून अधिक रुंदीच्या हॉट रोल्ड गुंडाळ्यांवर २० टक्के संरक्षक शुल्क बसले होते. ते पुढे १८, १५ व १० टक्के असे उतरत मार्च २०१८ मध्ये संपले. मध्यंतरी ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पोलादाच्या १७३ प्रकारांसाठी किमान आयात किंमत ठरविण्यात आली. आणि ऑगस्ट २०१६ मध्ये चीन, जपान, दक्षिण कोरिया, रशिया, ब्राझील व इंडोनेशिया येथून येणाऱ्या हॉट रोल्ड मालावर डंपिंगविरोधी शुल्क आले. मे २०१७ मध्ये ते अंतिम झाले. त्याचे स्वरूप ठराविक रकमेचे नव्हते. मालाच्या प्रकारानुसार टनास ४७८ ते ५६१ डॉलर अशा आधारकिमती ठरविल्या गेल्या, आणि बंदरात पोचलेल्या मालाची किंमत, मूळ सीमाशुल्क धरून, आधारकिमतीपेक्षा जितकी कमी तितके शुल्क घ्यायचे असा नियम होता.

समजा, आधारकिंमत ४८९ डॉलर आहे आणि मूळ सीमाशुल्क त्या वेळच्याप्रमाणे साडेबारा टक्के आहे. एका पुरवठादाराने ४३० डॉलर भाव दिला. शुल्क धरून तो ४८३ डॉलर ७५ सेंट झाला; डंपिंगविरोधी शुल्क सव्वापाच डॉलर. दुसऱ्याने घासाघीस करून ४०० डॉलर दिला. तो ४५० झाला. शुल्क ३९ डॉलर. दोन्ही माल गोदामात ४८९ डॉलरनाच आले. म्हणजे आयातदाराने मिळविलेली तीस डॉलरांची सवलत जशीच्या तशी सरकारी तिजोरीत गेली. हे एकदा कळल्यावर परदेशी विक्रेता सवलत देण्याचेच सोडतो आणि आपला भाव आधारकिमतीच्या जवळ आणून ठेवतो. तिजोरीत जाणारा पैसा मग त्याच्या खिशात राहतो, आणि आयातदाराला त्यात काहीच मिळत नाही. भावावर स्पर्धा उरत नाही, तेव्हा तो उधारीची मुदत, माल लवकर पाठविण्याची हमी, जाडीतील अचूकपणा अशा गोष्टींवर सौदा करू लागतो.

करारदेशांच्या बाबतीत तर याहून विलक्षण गोष्ट होते. ज्या मालावर मूळ शुल्क शून्य आहे त्याची ४३० डॉलरची किंमत बंदरातही ४३० च राहते. सबब त्यावर ५९ डॉलर डंपिंगविरोधी शुल्क पडते. कराराने एका हाताने दिलेली सवलत आधारकिमतीने दुसऱ्या हाताने परत घेतली. अशा वेळी करारदेशातूनच माल आणण्याचे, आणि त्यासाठी लागणारे मूळदेशाचे प्रमाणपत्र व २०२० च्या नियमांनुसार ठेवावी लागणारी उत्पादनाची माहिती जमविण्याचे, कारण उरत नाही.

एकच देश, दोन दर

डंपिंगविरोधी शुल्क उत्पादकवार ठरते याचे ठळक उदाहरण व्हिएतनामच्या हॉट रोल्ड मालाचे आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या चौकशीनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये महासंचालनालयाने टनास १२१ डॉलर ५५ सेंट शुल्काची शिफारस केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते पाच वर्षांसाठी लागू झाले. होआ फाट या समूहाच्या मालावर मात्र शुल्क नाही, कारण चौकशीत त्याच्या निर्यातीत डंपिंग आढळले नाही.

संरक्षक शुल्क क्षणभर बाजूला ठेवून पाहिले तर ४९० डॉलरना मिळणारा अन्य व्हिएतनामी माल ६११ डॉलर ५५ सेंटवर जातो, तर होआ फाटचा ५०५ डॉलरचा माल ५०५ वरच राहतो. येथे शुल्काने पुरवठादारांचा क्रम साफ उलटा केला. आयातदाराचा प्रश्न आता ‘कोणत्या देशातून’ असा उरत नाही, ‘कोणाच्या भट्टीतून’ असा होतो. त्यामुळे कागदपत्रांचे महत्त्व वाढते. अधिसूचनेच्या तक्त्यात मूळ देश, निर्यात करणारा देश आणि उत्पादक असे वेगवेगळे रकाने असतात; तिन्हींतील नोंद जुळली तरच कमी दर मिळतो. माल सिंगापूरच्या दलालाकडून घेतला तरी चालते, परंतु बीजक, कारखान्याचे चाचणी-प्रमाणपत्र, गुंडाळीवरील हीट क्रमांक आणि जहाजाची भरणपावती या सर्वांत उत्पादक एकच दिसला पाहिजे. एका कागदात जरी विसंगती आढळली, तरी माल ‘इतर कोणताही उत्पादक’ या ओळीत, म्हणजे सर्वांत चढ्या दरात, ढकलला जाण्याचा संभव असतो. दुसऱ्या देशातून वळसा घालून माल आणणेही उपयोगाचे नसते. मूळ देश बदलत नाही, आणि शुल्क चुकविण्यासाठी मालात किरकोळ फेरफार केल्यास त्यावरही शुल्क विस्तारण्याची तरतूद कायद्यात आहे.

तारखेचा प्रश्न

आयातदाराला सर्वांत अधिक नुकसान होते ते दराने नव्हे, तारखेने. सौदा कधी झाला, पतपत्र कधी उघडले, जहाज कधी निघाले, यांपैकी कशालाही सीमाशुल्क कायद्यात महत्त्व नाही. कलम १५ प्रमाणे बिल ऑफ एंट्री ज्या दिवशी दाखल होईल त्या दिवसाचा दर लागतो. आणि ते आगाऊ दाखल केले असले तर जहाजाला आवकप्रवेश मिळाल्याचा दिवस धरला जातो. तेव्हा आगाऊ कागद भरून ठेवून नव्या शुल्कातून सुटता येत नाही.

२०२५ च्या तारखा या दृष्टीने पाहाव्यात. चौकशी सुरू झाल्यापासून शुल्क लागेपर्यंत सुमारे चार महिने गेले. कारखान्यात माल तयार होण्यास आणि समुद्रमार्गे मुंबईस पोचण्यास दोन ते तीन महिने लागतात. ज्याने डिसेंबरमध्ये मागणी नोंदविली त्याचा माल मार्चअखेर निर्धोक उतरला. ज्याने फेब्रुवारीच्या मध्यास नोंदविली आणि ज्याचे जहाज २१ एप्रिलनंतर लागले, त्याला ५१५ डॉलर भावाच्या हजार टनांवर ६१,८०० डॉलर जादा भरावे लागले. डॉलरचा दर ८५ रुपये धरला तर सुमारे साडेबावन्न लाख रुपये. एवढी रक्कम त्या सौद्यातील नफ्याच्या कितीतरी पट असते. चौकशीची नोटीस मात्र डिसेंबरमध्येच प्रसिद्ध झाली होती. म्हणून अनुभवी व्यापारी नोटीस निघाल्याच्या दिवसापासून दोन गोष्टी करतात : परदेशी विक्रेत्याशी माल पोचण्याच्या तारखेची अट घालतात आणि आपल्या गिऱ्हाइकाशी केलेल्या करारात ‘नवीन शुल्क लागल्यास ते खरेदीदाराकडे’ असे वाक्य घालून घेतात. चौकशीत हितसंबंधी पक्ष म्हणून नाव नोंदवून आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आयातदाराला व माल वापरणाऱ्या कारखानदारालाही आहे. मात्र त्याचा वापर लहान व्यापारी क्वचितच करतात.

गोदामात बंधपत्राखाली ठेवलेल्या मालाला तो बाहेर काढण्यासाठीचे बिल ऑफ एंट्री दाखल होईल त्या दिवसाचा दर लागतो. म्हणून दर उतरणार असेल तर थांबावे काय, हा प्रश्न साहजिकच पडतो. सप्टेंबर २०१७ मध्ये दर १५ वरून १० टक्क्यांवर आला तेव्हा ५०० डॉलरच्या मालावर टनामागे २५ डॉलर वाचत होते व काही आठवडे थांबणे परवडत होते. सध्याच्या वेळापत्रकात वर्षाअखेर अर्धा टक्काच उतरतो. टनामागे अडीच डॉलरांसाठी गोदामभाडे आणि व्याज भरणे शहाणपणाचे नाही.

तळोजातील नळीवाला

या सर्वांत ज्याचे म्हणणे फारसे ऐकू येत नाही तो तळोजातील लहान कारखानदार आहे. तो गुंडाळी विकत घेतो, तिच्या पट्ट्या कापतो आणि वेल्डिंग करून नळ्या बनवितो. स्वतः आयात करीत नसला तरी शुल्क त्याला चुकत नाही, कारण परदेशी माल महागला की देशी भावालाही वर सरकण्यास जागा मिळते. वस्तू व सेवा कराची त्याला वजावट मिळते. संरक्षक किंवा डंपिंगविरोधी शुल्काची मिळत नाही, ते किमतीतच मुरते. शिवाय २०२५ च्या संरक्षक शुल्काच्या यादीत गुंडाळ्या, पत्रे, प्लेटा आणि मुलामा दिलेले पत्रे आहेत. तयार नळ्या नाहीत. त्याचा कच्चा माल महाग झाला, परंतु त्याच्या मालाशी स्पर्धा करणारी परदेशी नळी पूर्वीच्याच शुल्काने येऊ शकते. २०१५ नंतर हीच साखळी दिसली होती. प्रथम हॉट रोल्ड गुंडाळ्यांना संरक्षण मिळाले, त्यानंतर २०१६ मध्ये पत्रे-प्लेटांवर संरक्षक शुल्क आणि कोल्ड रोल्ड मालावर डंपिंगविरोधी शुल्क आले, कारण प्रत्येक पायरीवरील उत्पादकाला खालच्या पायरीची महागाई सोसवेना.

यांपैकी जो आपल्या नळ्या निर्यात करतो त्याला एक वाट मोकळी आहे. अग्रिम परवान्याखाली, निर्यातमालासाठी लागणारे पोलाद ही दोन्ही शुल्के न भरता आणता येते. अट एवढीच की ठरलेल्या मुदतीत तितक्या मालाची निर्यात झाली पाहिजे. निर्यात अपुरी पडली तर चुकविलेले शुल्क व्याजासह भरावे लागते. म्हणून तळोजातील असे कारखानदार वर्षाच्या आरंभीच आपली खरेदी दोन भागांत विभागतात : निर्यातीपुरता माल परवान्याखाली कोरिया, जपान किंवा चीन, जेथे स्वस्त मिळेल तेथून, आणि देशात विकायच्या नळ्यांसाठी कळंबोलीच्या गोदामातून, त्या दिवशीच्या भावाने.